पाळीची सोडत

गतवर्षी आमच्या कुलस्वामिनीच्या देवस्थानाच्या चिटणिसांकडून मला एक पत्र आले. आमच्या घराण्याकडे दर तिसऱ्या वर्षी चालत आलेली वार्षिक उत्सवाची पाळी एकाएकी बंद का झाली, अशी तक्रार मी थोड्या कडक शब्दांत केली होती; त्याचे ते उत्तर होते. ज्ञातीतील इतर घराण्यांनाही त्याचा उपयोग असल्याने त्याचा आशय येथे देतो.

मूळ तीन भावांनी देवीची स्थापना केली आणि पालखी, महानैवेद्य व दीपमाळ यांची पाळी तिघांत फिरती ठेवली. पुढे पाळीची वाटणी शाखेवार झाली. आमच्या थोरल्या शाखेत प्रत्येक पिढीस एकच वारस राहिला, म्हणून आमची पाळी दर तीन वर्षांनी येत असे. मधल्या शाखेची आज आठ घरे आहेत. त्यांतील प्रत्येकास ती चोवीस वर्षांनी येई. धाकट्या शाखेची घरे पंधरा. तेथील कुटुंबास पंचेचाळीस वर्षे वाट पाहावी लागे. चिटणिसांनी एवढेच लिहिले होते की, "धाकट्या शाखेतील कित्येक गृहस्थ पालखीला खांदा देण्याचे वय उलटून गेल्यावर पाळीस पोहोचतात." हे वाक्य मी दोनदा वाचले. वारसाहक्काच्या दृष्टीने जुन्या रीतीत अन्याय नव्हता. पाळीला मिळकतीप्रमाणे हक्क मानण्याची परंपरा आपल्या न्यायालयांतूनही आहे. परंतु हिशेब मात्र असा होता.

आता गुढीपाडव्यास सभामंडपात सर्वांसमक्ष चिठ्ठ्या टाकतात. चोवीस घरांच्या नावांच्या सारख्या मापाच्या, सारख्या घडीच्या चिठ्ठ्या मोजून तांब्याच्या घागरीत टाकतात. घागर आधी उपडी करून दाखवितात. सात वर्षांखालील मूल एक चिठ्ठी काढते, ती मोठ्याने वाचून नोंदवहीत लिहितात. निघालेले नाव फेरी पुरी होईपर्यंत पुन्हा घागरीत जात नाही.

ह्या शेवटच्या नियमाचे मर्म मला प्रथम उमगले नाही. जुना गणिताचा शिक्षक असल्याने मी कागद घेऊन बसलो. दरवर्षी चोवीसही चिठ्ठ्या पुन्हा टाकल्या, तर चोवीस वर्षांत एकदाही पाळी न येणारी घरे सरासरीने आठ-नऊ निघतात! निव्वळ दैवावर सोडले तर तिसरा हिस्सा घरे कोरडी राहतील. एकदा निघालेले नाव बाजूस ठेवल्यानेच प्रत्येक घरास एकेक पाळी निश्चित मिळते. तरीही एक उणीव उरतेच. एका फेरीत पहिले आणि पुढच्या फेरीत शेवटचे नाव निघालेल्या घराला सत्तेचाळीस वर्षांचे अंतर पडू शकते.

ही रीत अगदी नवी, असा माझा समज होता. तो चुकीचा ठरला. तामिळनाडूतील कांचीपुरमजवळ उत्तरमेरूर गावी, वैकुंठ पेरुमाळाच्या मंदिरात, परांतक चोळाच्या काळचे इ. स. ९१९ व ९२१ चे शिलालेख आहेत. तेथे उत्सवाची पाळी नव्हे, तर गावसभेच्या समित्यांचे सभासद चिठ्ठ्यांनी निवडीत. पण पद्धत विलक्षण सारखी आहे. गावाचे तीस वाडे होते. प्रत्येक वाड्यातील पात्र गृहस्थांची नावे ताडपत्राच्या तुकड्यांवर लिहून वाड्यावार जुडग्या बांधून घटात टाकीत. लहानथोर सारी सभा आणि मंदिराचे पुजारी जमले की वयोवृद्ध पुजारी उभा राहून, वर पाहत, घट सर्वांना दिसेल असा उचलून धरी. आत काय आहे हे न जाणणारा जवळचा मुलगा एक जुडगी काढी. ती दुसऱ्या रिकाम्या घटात टाकून हलवीत, आणि त्यातून मुलगा एक ताडपत्र काढी. ते 'मध्यस्थ' पाचही बोटे पसरून उघड्या तळव्यावर घेई, म्हणजे मुठीत दुसरी चिठ्ठी दडविणे शक्य होत नसे. त्याने वाचल्यावर ते सर्व पुजारीही वाचीत. शिवाय मागील तीन वर्षांत समितीवर असलेल्याचे आणि हिशेब न दिलेल्याचे नाव घटात जातच नसे.

हे वाचून आमच्या सोडतीतील एक त्रुटी मला दिसली. निघालेली एक चिठ्ठी सर्वांनी पाहिली, तरी घागरीत उरलेल्या चिठ्ठ्यांवर काय लिहिले आहे, हे कोणी पाहत नव्हते. सर्वांवर एकच नाव असले तरी मुलाच्या निरागस हातातून तेच निघणार! मी चिटणिसांस दुसरे पत्र लिहिले. त्यात तक्रार नव्हती, सूचना होती, की उरलेल्या चिठ्ठ्या त्याच बैठकीत उघडून वाचाव्यात. त्यांनी ती मान्य केली. यंदाच्या पाडव्यास तेवीस चिठ्ठ्या एकामागून एक वाचल्या गेल्या. आमच्या घराचे नाव अकरावे आले, आणि पाळी धाकट्या शाखेतील एका घरी गेली.