अकाउंट्स सोडून सॉफ्टवेअरमध्ये जाताय? मुलाखतीत दुकानाचीच गोष्ट सांगा

कोल्हापूरजवळच्या उचगावला लागूनच गांधीनगर आहे. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी उभी केलेली ही कापडाची होलसेल बाजारपेठ. समजा, उचगावातली बीकॉम झालेली एक मुलगी तीन वर्षं इथल्या एका दुकानात टॅलीवर बिलं चढवतेय. संध्याकाळी घरी येऊन तिने पायथन शिकून घेतलं. आता पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत तिची मुलाखत आहे आणि पहिल्या पाच मिनिटांत प्रश्न येणार हे नक्की: ‘अकाउंट्स सोडून इकडे का?’

इथे दोन उत्तरं हमखास ऐकायला मिळतात. एक, ‘मला लहानपणापासून कम्प्युटरची आवड आहे.’ दुसरं, ‘अकाउंट्समध्ये स्कोप नाही.’ पहिलं उत्तर तपासताच येत नाही, त्यामुळे समोरचा ते ऐकतो आणि सोडून देतो. दुसरं उत्तर तर उलटतं. स्कोप नाही म्हणून ती नोकरी सोडली, मग उद्या इथे कंटाळा आला तर? मुलाखत घेणाऱ्याच्या मनात हीच शंका असते. तिच्या जोडीला आणखी एक असते: हिला खरंच कोड लिहिता येतो, की कोर्सचं सर्टिफिकेट तेवढं आहे?

या दोन्ही शंकांचं उत्तर एकाच ठिकाणी मिळतं. जुन्या कामात असं काहीतरी शोधायचं, जे दर महिन्याला छळत होतं आणि जे तुम्ही कोड लिहून थोडं तरी सोपं केलं.

आपल्या उदाहरणातल्या मुलीकडे ते आहे. दुकान माल घेताना पुरवठादाराला जीएसटी देतं. त्याचं क्रेडिट घ्यायचं, तर पुरवठादाराने ते बिल सरकारी पोर्टलवर दाखवलेलं असावं लागतं. ही बिलं जीएसटीआर-२बी नावाच्या यादीत दिसतात. दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांसाठी ती यादी साधारण १४ तारखेला तयार होते आणि ३बी रिटर्नची मुदत असते २० तारीख. म्हणजे यादी आणि टॅलीतली खरेदी जुळवायला सहाच दिवस मिळतात. समजा, महिन्याला २२० बिलं आहेत आणि त्यांतली ४० जुळत नाहीत. बहुतेक वेळा कारण अगदी फुटकळ असतं. पुरवठादाराने GN/0231 लिहिलेलं, टॅलीत GN-231 चढवलेलं. माणसाला दोन्ही एकच दिसतात, एक्सेलच्या व्हीलुकअपला मात्र वेगळी.

तिने हे लिहिलं:

```python
import re

def saaf(no):
    parts = re.findall(r"[A-Z]+|\d+", no.upper())
    return "".join(p.lstrip("0") for p in parts)
```

अक्षरं आणि आकडे वेगळे काढायचे, आकड्यांपुढची शून्यं उडवायची आणि सगळं पुन्हा जोडायचं. आता दोन्ही बिलांचा नंबर GN231 होतो. काम झालं?

नाही, आणि तिची गोष्ट खरी वाटायला लागते ती इथून. GN/1/23 आणि GN/12/3 ही दोन वेगळी बिलं आहेत. या कोडमधून बाहेर पडताना दोघांचाही नंबर GN123 होतो. म्हणजे न जुळणारं बिल जुळल्यासारखं दिसणार आणि नसलेलं क्रेडिट घेतलं जाणार. बिल जुळलं नाही, तर माणूस परत एकदा बघतो. चुकीचं जुळलं, तर कोणी बघतच नाही. म्हणून तिने तुकडे जोडताना मध्ये रेघ ठेवली आणि नंबरासोबत पुरवठादाराचा जीएसटी नंबर व रक्कमही ताडून पाहिली:

```python
    return "-".join(p.lstrip("0") for p in parts)
```

तरीही काही बिलं उरतातच. एकाने नंबरापुढे 24-25 असं वर्ष लिहिलं आणि दुसऱ्याने नाही, तर हा कोड ती जुळवत नाही. ती हाताने बघायच्या यादीत जातात. ‘तुमचा प्रोग्रॅम कुठे चुकतो?’ असं विचारल्यावर हे सांगता आलं, तर कोड कोणाचा आहे याबद्दल फारशी शंका उरत नाही. यूट्यूबवर बघून जसाच्या तसा उतरवलेल्या प्रोजेक्टमध्ये नेमकं हेच उत्तर सापडत नाही.

आता हे बोलायचं कसं? दीड ते दोन मिनिटांत. पुण्यातल्या इंजिनिअरला २बी म्हणजे काय हे माहीत असेलच असं नाही, त्यामुळे फॉर्मची नावं आधी बाजूला ठेवायची. साधारण असं:

‘मी तीन वर्षं कापडाच्या होलसेल दुकानात अकाउंट्स बघितले. पुरवठादाराने सरकारला दाखवलेली बिलं आणि आमच्या हिशोबातली बिलं दर महिन्याला सहा दिवसांत जुळवायला लागायची. २२० पैकी ४० जुळत नव्हती, बहुतेक लिहिण्याच्या फरकामुळे. मी पायथनमध्ये ती जुळवणारा प्रोग्रॅम लिहिला. पहिल्या आवृत्तीत दोन वेगळी बिलं एकच समजली जात होती, ते मी दुरुस्त केलं. आता ४० ऐवजी ९ बिलं हाताने बघायला लागतात. हे करताना लक्षात आलं की मला बिलं चढवण्यापेक्षा चूक कुठून येते हे शोधायला जास्त आवडतं. म्हणून इकडे आले.’

‘आवडतं’ हा शब्द इथेही आहे. पण तो शेवटी आलाय आणि त्याच्या आधी पुरावा आहे. इथले आकडे अर्थातच उदाहरणाचे आहेत. तुमचे आकडे तुम्ही खरंच दोन-तीन महिने लिहून ठेवलेले असावेत, कारण ‘हे मोजलं कसं?’ असं विचारलं जातं. मुलाखत इंग्रजीत असेल तर गोष्ट आधी मराठीत पक्की करा, मग इंग्रजीत मोठ्याने बोलून बघा. थेट इंग्रजीत सुरुवात केली की माणूस जॉब पोर्टलवरच्या जाहिरातीसारखा बोलायला लागतो.

कोड गिटहबवर टाकताना दुकानाचा खरा डेटा टाकू नका. पुरवठादारांची नावं, जीएसटी नंबर, रकमा सगळं बनावट करून घ्या. मालकाची बिलं चव्हाट्यावर मांडणारा उमेदवार कंपनीलाही नकोच असतो.

बनावट डेटा चालतो, बनावट अनुभव नाही. ‘दोन वर्षांचा सॉफ्टवेअरचा अनुभव दाखवून देतो’ म्हणणारे एजंट भेटतात. पैसे घेऊन ते अनुभवपत्र देतात. पण बऱ्याच कंपन्या ऑफर दिल्यावर पीएफच्या यूएएन नंबरवरून मागच्या नोकऱ्या तपासतात. कुठल्या कंपनीत कधीपासून कधीपर्यंत होतात, ते तिथे दिसतं. तिथे तफावत सापडली, तर जॉइन झाल्यानंतरही नोकरी जाऊ शकते. तुमच्या दुकानात वीसपेक्षा कमी माणसं असतील, तर बहुधा पीएफ कापलाच जात नसेल. मग मालकाच्या सहीचं पत्र आणि पगार जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट जपून ठेवा. पगार रोखीत मिळत असेल, तर निदान शेवटचे काही महिने तो खात्यात जमा करायला सांगा.

एक अडचण मात्र या गोष्टीने सुटत नाही. काही मोठ्या कंपन्या फ्रेशर भरताना इंजिनिअरिंग किंवा कम्प्युटरचीच पदवी मागतात, आणि तिथे अर्ज पहिल्याच चाळणीत अडकतो. गोष्ट सांगायची वेळच येत नाही. बीकॉमवाल्या मुलीने अर्जांचा जोर बिलिंग, अकाउंटिंग, ईआरपी, जीएसटी रिटर्न अशी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या छोट्या-मध्यम कंपन्यांवर ठेवावा. तिथे टेस्टिंग किंवा इम्प्लिमेंटेशनमधून आत जाऊन पुढे कोडिंगकडे वळता येतं. आणि २बी म्हणजे काय, हे तिथे तिला समजावून सांगायला लागत नाही.