न्यूजलेटर सेवा : सबस्क्रायबरसंख्येवरची आकारणी

ई-मेलने वार्तापत्र पाठवून देणाऱ्या बऱ्याच सेवा पैसे घेतात ते पाठवलेल्या पत्रांवर नव्हे, यादीतल्या पत्त्यांवर. सुरुवातीचे काही पत्ते फुकट असतात, पुढे टप्पे लागतात. महाराष्ट्रातल्या घरगुती वीजबिलात वरच्या टप्प्याचा दर फक्त वरच्या युनिटांना लागतो. इथे तसे नसते. ५,००० चा टप्पा असेल, तर ५,००१ वा पत्ता येताच अख्ख्या यादीला वरच्या टप्प्याचा प्लॅन लागू होतो. काही सेवा हा बदल आपोआप करून कार्डावरून जादा रक्कम वळती करतात.

खरा प्रश्न मोजणीचा आहे. अमेरिकेतल्या अटलांटा इथे २००१ साली सुरू झालेल्या मेलचिंपने २०१९ मध्ये नियम बदलला आणि पत्र बंद करून गेलेले सबस्क्रायबरही बिलात मोजायला घेतले. तिथे एकच पत्ता दोन स्वतंत्र याद्यांत असला, तर तो दोनदा मोजला जातो. आर्काइव्ह केलेला पत्ता मात्र मोजणीतून सुटतो.

उदाहरणादाखल समजा, भोपाळच्या सोनागिरीतले एक मराठी मंडळ अशाच नियमांच्या सेवेवरून वार्तापत्र पाठवते. यादीत ४,७०० चालू सबस्क्रायबर, ३८० पत्र बंद केलेले आणि गणेशोत्सवाच्या वेगळ्या यादीत पुन्हा आलेले १४० पत्ते आहेत. पत्र ४,७०० जणांना जाते, बिल मात्र ५,२२० पत्त्यांचे येते. ३८० पत्ते आर्काइव्ह केले आणि उत्सवाची यादी मोडून त्या १४० जणांना मुख्य यादीतच टॅग लावला, की मंडळ पुन्हा खालच्या टप्प्यात बसते. बंद केलेले पत्ते कायमचे पुसू नयेत. ती नोंद गेली, तर जुन्या एक्सेल फाइलमधून तेच लोक पुन्हा यादीत येतात आणि पत्राला स्पॅम ठरवतात. यादी आटली म्हणून प्लॅन आपोआप उतरेल, असेही धरून चालू नये. अनेक सेवांत तो आपणच बदलावा लागतो आणि भरलेल्या महिन्याचे पैसे परत मिळत नाहीत.

पत्र न उघडणाऱ्यांची छाटणी जास्त जपून करावी लागते. २०२१ पासून ॲपलच्या मेल ॲपमधली गोपनीयतेची सोय सुरू असली, तर पत्रातली चित्रे आधीच उतरवून घेतली जातात. त्यामुळे न वाचलेले पत्रही उघडल्यासारखे दिसते. उलट, ज्याच्याकडे चित्रे बंद आहेत त्याने पत्र वाचले तरी नोंद होत नाही. म्हणून नाव काढण्याआधी ‘पत्र हवे आहे का?’ असे विचारणारे एक पत्र पाठवून त्यातल्या लिंकवरचे क्लिक पाहावे.

दुसरी पद्धत पाठवणीवर पैसे घेण्याची. अ‍ॅमेझॉनच्या एसईएस सेवेचा मूळ दर हजार ई-मेलना १० सेंट आहे. त्या हिशेबाने ४,७०० जणांना महिन्यातून एक पत्र पाठवायला ४७ सेंट लागतात. पण तिथे यादी, साचे आणि पत्र बंद करण्याची सोय आपण उभी करायची असते. लिस्टमंकसारखे मुक्त सॉफ्टवेअर ते काम करते, मात्र सर्व्हर सांभाळणारा माणूस लागतो. मोठी यादी आणि महिन्याला एकच पत्र, अशा मंडळाला पत्त्यांवरची आकारणी सर्वांत महाग पडते.