गुणाकारातून कर्णाकडे

चक्रीय चौकोन म्हणजे ज्याचे चारही शिरोबिंदू एकाच वर्तुळावर आहेत असा चौकोन. त्याच्या दोन कर्णांचा गुणाकार हा संमुख बाजूंच्या गुणाकारांच्या बेरजेइतका असतो. हे प्रमेय टॉलेमीच्या नावाने ओळखले जाते. दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात बसून त्याने जीवांच्या लांबींचे कोष्टक तयार केले, त्यात ते त्याला उपयोगी पडले. या पुस्तकात शिरणाऱ्या वाचकाला मात्र पहिल्या पानावरच एक अडचण सांगून ठेवली पाहिजे: हे प्रमेय गुणाकार देते, कर्ण देत नाही. एक कर्ण माहीत असेल तर दुसरा भागाकाराने मिळतो. दोन्ही अज्ञात असतील तर काय करायचे, हा या विषयातला खरा रस.

त्यासाठी भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तला (1150) चौकोन घेऊ. क्रमाने AB = 25, BC = 39, CD = 60, DA = 52. संमुख बाजूंचे गुणाकार 25 × 60 = 1500 आणि 39 × 52 = 2028. म्हणून

AC × BD = 3528

आता कागदावर हा चौकोन काढा, AC वरून कापा आणि ABC हा त्रिकोण उलटा करून पुन्हा त्याच जागी बसवा, म्हणजे A चे टोक C पाशी आणि C चे A पाशी जाईल. AC तसाच राहिला, वर्तुळही तेच राहिले. फक्त 25 आणि 39 यांची अदलाबदल झाली. B च्या नव्या जागेला P म्हणू. आता AP = 39, PC = 25, आणि नव्या चौकोनाला तेच प्रमेय लावता येते:

AC × PD = 39 × 60 + 25 × 52 = 3640

PD हा कर्ण मूळ आकृतीत नव्हताच. 25 आणि 60 या बाजूंचे कंस शेजारी आले की त्यांना मिळून सांधणारी ती जीवा आहे. BD वरून कापून ABD उलटवला, तरी 25 आणि 60 शेजारी येतात आणि तीच लांबी पुन्हा उगवते:

BD × PD = 25 × 39 + 60 × 52 = 4095

काम इथेच झाले. पहिल्या दोन गुणाकारांना एकमेकांनी गुणून तिसऱ्याने भागले की BD आणि PD दोन्ही निघून जातात:

AC² = 3528 × 3640 ÷ 4095 = 3136

म्हणून AC = 56, BD = 63, आणि तो पाहुणा कर्ण 65. बाजूंची अदलाबदल केली की एक कर्ण 65 होतो, हे भास्कराचार्यांनीही नोंदवले आहे. नारायण पंडितांनी ‘गणितकौमुदी’त (1356) या तिसऱ्या कर्णाला स्वतंत्र स्थान दिले. बाजूंवरून कर्ण काढण्याचा नियम त्यांच्याही कितीतरी आधी, 628 साली, ब्रह्मगुप्तांनी सांगितला होता. भास्कराचार्यांना तो फार खटाटोपाचा वाटे. काटकोन त्रिकोणांच्या जोडीवरून बनवलेल्या चौकोनापुरते त्यांचे म्हणणे रास्त आहे: (3, 4, 5) आणि (5, 12, 13) घेतले, तर 3 × 12 + 4 × 5 = 56 आणि 3 × 5 + 4 × 12 = 63, इतक्यात काम संपते. पण असा जमून आलेला चौकोन नेहमी हाती लागत नाही, आणि तेव्हा खटाटोपाचा नियमच उपयोगी पडतो.

चुका होतात त्या बहुधा बाजूंच्या क्रमात. समजा BD = 63 दिला आहे आणि घाईत कोणी शेजारच्या बाजूंचे गुणाकार घेतले. 4095 ÷ 63 = 65, अगदी पूर्णांक उत्तर; संशय यायला जागाच नाही. पण AC हा 25 आणि 39 या बाजूंबरोबर त्रिकोण करतो आणि त्या दोहोंची बेरीज 64 आहे. 65 ची बाजू त्या त्रिकोणात मावणार नाही. उत्तर काढल्यावर कर्णाच्या दोन्ही अंगांचे त्रिकोण असे तपासून पाहण्याची सवय या विषयात फार कामाला येते.

दुसरा धोका जास्त मुळातला आहे. चार बाजू दिल्या म्हणून चौकोन ठरत नाही. तो खिळखिळ्या पलंगासारखा हलतो. ब्रह्मगुप्तांच्या सूत्रात चौकोन चक्रीय असल्याची अट स्पष्ट लिहिलेली नाही, आणि निश्चित माहिती न देता चौकोनाचे क्षेत्रफळ विचारणाऱ्याला भास्कराचार्यांनी थेट पिशाच म्हटले आहे! प्रत्येक बाजू 5 असलेला समभुज चौकोन घ्या. सूत्र निमूटपणे 5√2 सांगेल, कारण त्याला फक्त चौरसच दिसतो. कर्ण 6 आणि 8 असलेला समभुज चौकोनही याच बाजूंचा आहे. तिथे कर्णांचा गुणाकार 48 येतो आणि संमुख बाजूंच्या गुणाकारांची बेरीज 50. चौकोन बहिर्वक्र असूनही चक्रीय नसेल तर पहिली संख्या दुसरीपेक्षा नेहमी लहानच राहते. म्हणून मोजलेल्या आकृतीत दोन्ही कर्ण हाताशी असतील, तर कोनमापक न लावताही चारही बिंदू एका वर्तुळावर आहेत की नाहीत हे याच प्रमेयाने ठरवता येते. पुढची प्रकरणे तिथूनच सुरू होतात.