मुंबईचं पाणी आणि आमची बाव

जूनच्या अखेरीस मालवणात धो धो पाऊस असतो आणि तेव्हाच मुंबईहून फोन येतो की दहा टक्के पाणीकपात चालू आहे. मग आमच्या काकीचा प्रश्न ठरलेला: "एवढो पाऊस पडता हा, तरी तुमका पाणी कसा नाय?" प्रश्न रास्त आहे, म्हणून आज त्यावरच लिहितो.

आमच्याकडे पाणी संपत आलंय हे बावीत डोकावलं की कळतं. एप्रिल-मेमध्ये कळशीचा दोर आणखी सोडावा लागतो. मुंबईकरांचीही बावच आहे, पण ती दाराबाहेर नाही, म्हणून तिचा तळ दिसत नाही.

पूर्वी मुंबईतही विहिरी नि तलावांवरच भागायचं. लोकवस्ती वाढली, 1854 साली पाण्याचे फार हाल झाले आणि मग हेन्री कॉनीबेअर या इंजिनियराच्या योजनेनुसार मिठी नदी अडवून विहार तलाव बांधला गेला. 1860 साली तो पुरा झाला. थोड्याच वर्षांत तोही अपुरा पडला. 1879 ला तुळशी, मग शहरापासून पार लांब शहापूरकडे जाऊन 1892 ला तानसा. स्वातंत्र्यानंतर 1957 ला मोडक सागर, 1973 ला अप्पर वैतरणा, पुढे भातसा आणि 2014 ला मध्य वैतरणा. शहराची तहान वाढली की बाव आणखी दूर, असा हा दीडशे वर्षांचा इतिहास!

आता हिशोब बघा. ही सातही धरणं काठोकाठ भरली तर 14,47,363 दशलक्ष लिटर पाणी होतं. 2024 च्या सुमारास मुंबईला रोज साधारण 3,850 दशलक्ष लिटर पुरवलं जात होतं. भागाकार केला तर सुमारे 375 दिवस. म्हणजे पावसाळ्यात भरलेली बेगमी पुढच्या पावसाळ्यापर्यंत जेमतेम पुरते, आणि त्यातही उन्हाने वाफ होते ती वेगळीच. म्हणून ऑक्टोबरच्या सुरुवातीला धरणात किती पाणी आहे यावर पुढचा उन्हाळा ठरतो.

2024 चंच उदाहरण घ्या. आदल्या ऑक्टोबरात पाऊस कमी झाला होता. 25 मे ला धरणांत उरलं होतं 1,40,202 दशलक्ष लिटर, म्हणजे दहा टक्क्यांहूनही कमी. रोजच्या वापराने हे 36 दिवस, जूनअखेरपर्यंत. भातसा आणि अप्पर वैतरणा ही राज्य सरकारची धरणं, त्यांतल्या राखीव साठ्यातून 2,28,130 दशलक्ष लिटर मिळणार होतं, त्यामुळे आणखी दोन महिन्यांची सोय होती. तरीही 30 मे पासून पाच टक्के आणि 5 जूनपासून दहा टक्के कपात लागली.

राखीव पाणी असताना कपात कशाला? तर दहा दिवस दहा टक्के सोसले की जेमतेम एक दिवसाचं पाणी वाचतं. ही कपात 29 जुलैला उठली, तोवर बचत झाली ती पाच-सहा दिवसांची! म्हणूनच कपात आधीपासून करावी लागते. तळ दिसल्यावर केली तर वाचवायला काही उरतच नाही.

आता काकीचं उत्तर. पाऊस मालवणात पडून उपयोग नाही, आणि दादर-परळला पडूनही नाही. तो शहापूर, मोखाड्याच्या डोंगरांत पडायला हवा. शिवाय सुरुवातीचा पाऊस तापलेली जमीनच पिऊन टाकते, ओढे वाहू लागल्यावरच धरण चढतं. टीव्हीवर तुळशी तलाव भरून वाहताना दाखवतात तेव्हा मंडळी खूश होतात, पण अख्खा तुळशी म्हणजे मुंबईचं दोन दिवसांचं पाणी, आणि विहार सात दिवसांचं. खरी मदार भातसावर, कारण निम्मं पाणी तिथलं. तुळशी नव्हे, भातसा किती भरलंय ते विचारा.

एक गोष्ट मात्र मला टोचते. ज्या शहापूर तालुक्यात ही धरणं आहेत, तिथल्याच कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. धरण खाली खोऱ्यात, पाडे वर डोंगरावर, आणि पाईप जातो मुंबईला. आमच्या कोकणातलंही दुखणं याच जातीचं आहे. पाऊस अमाप, पण जांभ्यातून झिरपून आणि ओढ्यांतून समुद्राला जातो, नि मे महिन्यात बाव कोरडी.

तेव्हा मुंबईकर चाकरमान्यांनो, पुढच्या वेळी नळ लवकर गेला की पालिकेला चार शब्द जरूर सुनवा. पण त्या दिवशी शहापूरच्या एखाद्या पाड्यावर हंड्यांची रांग किती लांब आहे, तेही आठवा.