इंटरनेट दुभंगले तो दिवस : ५ ऑक्टोबर २००५

५ ऑक्टोबर २००५ रोजी अमेरिकेतील असंख्य ग्राहकांना एक चमत्कारिक अनुभव आला. काही संकेतस्थळे त्यांच्यापुरती नाहीशी झाली होती. सर्व्हर चालू होते आणि वीजही होती. शेजारी दुसऱ्या कंपनीची जोडणी असेल, तर त्याच्या पडद्यावर तेच पान सुरळीत उघडत होते. ज्यांची जोडणी केवळ ‘लेव्हल ३’ची, त्यांना केवळ ‘कोजेंट’वर असलेली सेवा दिसत नव्हती, आणि उलटही तसेच.

कोणतीही केबल तुटलेली नव्हती. लेव्हल ३ने कोजेंटशी असलेले पिअरिंग जाणूनबुजून, आधी सूचना देऊन, बंद केले होते.

पिअरिंग म्हणजे दोन जाळ्यांनी एकमेकांच्या ग्राहकांची वाहतूक थेट आणि बहुधा विनामूल्य स्वीकारणे. लेव्हल ३ची तक्रार अशी, की कोजेंट आपल्याकडे पाठवते पुष्कळ आणि घेते थोडे. तेव्हा हा बरोबरीचा व्यवहार नाही, कोजेंटने पैसे मोजावेत. कोजेंट स्वस्त दरांसाठी प्रसिद्ध होती. पैसे मोजण्यास तिने साफ नकार दिला.

आता खरा प्रश्न. इंटरनेट तर वाट बंद झाली की दुसरी शोधते, अशी ख्याती! मग तिसऱ्या एखाद्या जाळ्यातून वळसा का मिळाला नाही?

उत्तर बीजीपीच्या रिवाजात आहे. या पद्धतीत प्रत्येक जाळे शेजाऱ्याला सांगते, “अमुक पत्ते माझ्यामार्फत गाठता येतील.” शेजारी ते पुढे सांगतो आणि मार्गाची वार्ता अशी पसरत जाते. पण कोणती वार्ता कोणाला सांगायची, हे पैसा ठरवतो. ग्राहकाचा मार्ग सर्वांना सांगतात, कारण त्या वाहतुकीचे पैसे ग्राहक देतो. एका पिअरकडून कळलेला मार्ग मात्र दुसऱ्या पिअरला सांगत नाहीत. सांगितला, तर दोन परक्यांचे ओझे फुकट वाहावे लागेल.

स्प्रिंटसारखे तिसरे जाळे घ्या. त्याला लेव्हल ३ही ठाऊक होते आणि कोजेंटही. तरी एकाची वार्ता दुसऱ्याला देण्याचे त्याला काहीच कारण नव्हते. थेट दुवा तुटताच दोन्ही बाजूंच्या राउटरांनी त्यावरून शिकलेले मार्ग काढून टाकले. पर्यायी मार्ग निवडावा, तर तो कोणी सांगितलेलाच नव्हता. पैसे देऊन तिसऱ्याकडून ट्रान्झिट घेतली असती, तर वळसा मिळाला असता; पण ती कोणी घ्यायची, हेच तर भांडण होते.

असा बिघाड ओळखायचा कसा? येथे ‘लुकिंग ग्लास’ कामी येतो. एखाद्या जाळ्याच्या राउटरला त्याची मार्गसारणी विचारण्याची ही सार्वजनिक खिडकी. कोजेंटकडे ‘३८’ने सुरू होणारा मोठा पत्तासमूह होता. तो, आणि AS174 हा जाळ्याचा क्रमांकही, तिला पीएसआयनेटच्या मालमत्तेसोबत मिळाला होता. लेव्हल ३चा क्रमांक AS3356. सिस्को राउटरच्या भाषेत, मार्ग नसलेल्या जाळ्यात प्रश्नोत्तर असे दिसते :

```
show ip bgp 38.0.0.0
% Network not in table
```

हेच तिसऱ्या जाळ्याच्या खिडकीतून विचारले, तर मार्गाच्या शेवटी 174 दिसतो. या दोन उत्तरांची तुलना हाच पुरावा. सर्व्हर बंद असता, तर मार्ग सगळीकडे दिसला असता, फक्त प्रतिसाद आला नसता. सर्व्हरच्या मालकाने पत्त्याची घोषणाच थांबवली असती, तर मार्ग कोठेच दिसला नसता. एकाच जाळ्यात तो नाही आणि इतरत्र आहे, तेव्हा बोट त्या जाळ्याच्या सीमेकडे दाखवावे लागते. ट्रेसराउटही तेथेच, आपल्याच कंपनीच्या राउटरांत, थबकतो. मात्र खिडकी जाण्याची वाट दाखवते, परतीची नाही; म्हणून दोन्ही बाजूंनी पाहावे लागते.

ज्या ग्राहकांनी दोन कंपन्यांची जोडणी घेतली होती, त्यांचे पत्ते दुसऱ्या वाटेने पोहोचत राहिले. झळ बसली ती एकाच कंपनीवर विसंबलेल्यांना. कोजेंटने ही संधी साधली: लेव्हल ३च्या अशा ग्राहकांना तिने वर्षभर मोफत जोडणी देऊ केली. युद्धात शत्रूच्या प्रजेला अभय देण्याचाच हा प्रकार!

दोन दिवसांनी, ७ ऑक्टोबरला, लेव्हल ३ने दुवा तात्पुरता जोडला आणि ९ नोव्हेंबरची मुदत घातली. ती संपण्याआधीच, २८ ऑक्टोबरला, तह जाहीर झाला. देवाणघेवाण विनामूल्य राहील, पण वाहतुकीचे प्रमाण व स्वरूप याविषयीच्या अटी मोडल्यास पैसे द्यावे लागतील, असे त्यात ठरले. म्हणजे लेव्हल ३ची मागणी फेटाळली गेली नाही, ती अटीत जाऊन बसली.

कोजेंटचे असे तंटे येथे थांबले नाहीत. मार्च २००८मध्ये तेलियाशी दुवा तुटला आणि त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला स्प्रिंटने तिला तोडले. त्या वेळीही दुसऱ्याच्या खिडकीतून मार्ग दिसत होता आणि स्वतःच्या जाळ्यातून नव्हता.