घर एकाच मुलाच्या नावे: सही आईची, पण इच्छा कुणाची?

समजा, इंझोरीतील एका वृद्ध आईने राहते घर बक्षीसपत्र करून धाकट्या मुलाच्या नावे केले. बाकी भावंडांना वाटते, त्याने तिच्यावर ‘अनुचित प्रभाव’ टाकला. हे न्यायालयात टिकेल का?

भारतीय करार अधिनियम, 1872 मधील कलम 16 दोन गोष्टी पाहते. मुलगा आईच्या इच्छेवर हुकूमत गाजवण्याच्या स्थितीत होता का? आणि त्या स्थितीचा वापर करून त्याने गैरवाजवी फायदा घेतला का?

फक्त वय आणि नाते पुरेसे नाही. एका आजोबांनी नातवाला दिलेल्या जमिनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1966 मध्ये हेच सांगितले. आई ठणठणीत असेल, स्वतःचे व्यवहार पाहत असेल, तर एका मुलाला झुकते माप देणे हा तिचा हक्क आहे.

पण ती अंथरुणाला खिळलेली असेल, औषधापासून पेन्शनपर्यंत सगळे त्याच मुलाच्या हाती असेल, दस्त त्यानेच लिहून आणला असेल आणि तिला कुणी वाचूनही दाखवला नसेल, तर चित्र बदलते. असा व्यवहार उघड अन्यायाचा दिसला, तर तो स्वच्छ होता हे मुलालाच सिद्ध करावे लागते. नोंदणीचा शिक्का त्याला वाचवत नाही.

असा दस्त आपोआप रद्द होत नाही. खरा प्रकार कळल्यापासून 3 वर्षांच्या आत दिवाणी दावा करावा लागतो.