मोडी कागदांतील लपलेला तकार

डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांच्या मुलखांत, दादरा-नगर हवेलीच्या सीमेजवळ, उधवा नांवाचें गांव आहे. तेथील शेतकऱ्याची बांधावरची वाट शेजाऱ्यानें अडविली, तर तो तक्रार घेऊन तहसीलदाराकडे जातो. पण ज्या कायद्यान्वयें ती तक्रार चालते, त्याचें नांव १९०६ सालचा मामलतदार न्यायालय अधिनियम असें आहे. जुनीं माणसें त्याच अधिकाऱ्याला मामलेदार म्हणत. सीमा ओलांडून उंबरगांवाकडे गेलें, कीं कचेरीच्या पाटीवर अजूनहि मामलतदार हाच शब्द दिसतो. १९६० पर्यंत उंबरगांवहि ठाणें जिल्ह्यांतच होतें, तेव्हां हें आश्चर्य नव्हे. आश्चर्य आहे तें शब्दांत. मामला आणि मामलत हे दोन वेगळे शब्द नसून मूळ अरबी शब्द एकच आहे. मग एकाच्या अंतीं आकार आणि दुसऱ्याच्या अंतीं तकार कसा आला?

याचें उत्तर अरबी लिपींतील एका विलक्षण अक्षरांत सांपडतें. त्याला ता मरबूता, म्हणजे बांधलेला तकार, असें नांव आहे. दिसावयास तें शब्दाच्या अंतीं येणाऱ्या हकारासारखें असतें; फरक इतकाच, कीं त्याच्या डोक्यावर तकाराचे दोन ठिपके असतात. देह हकाराचा आणि खूण तकाराची, अशी त्याची घडण आहे आणि त्याचा स्वभावहि तसाच दुहेरी आहे. शब्द एकटा उभा असेल, बोलणारा त्यावर थांबला असेल, तर हा तकार ऐकूं येत नाहीं. केवळ अकाराचा स्वर राहतो. पण त्या शब्दाला दुसऱ्या नामाशीं षष्ठीच्या नात्यानें जोडलें, ‘अमक्याचें तमकें’ अशी सांखळी केली, कीं लपलेला तकार लगेच उच्चारांत येतो.

ओळखीचीं उदाहरणें घेतलीं म्हणजे हा नियम सहज कळतो. मदीना याचा अर्थ नगर. एकटा शब्द मदीना असाच ऐकूं येतो. परंतु ‘पैगंबराचें नगर’ म्हणावयाचें झालें, कीं मदीनत-उन्-नबी होतें. कुराणाच्या अध्यायाला सूरा म्हणतात. पहिल्या अध्यायाचें नांव मात्र सूरतुल फातिहा. या नांवांत नियमाच्या दोन्ही बाजू एकत्र पाहावयास मिळतात. सूरा आणि फातिहा या दोन्ही शब्दांच्या अंतीं बांधलेला तकारच आहे. पहिल्यावर पुढचा शब्द टेकला आहे, म्हणून त्याचा तकार बोलतो. दुसऱ्यापुढें कोणी नाहीं, म्हणून त्याचा तकार मुका राहतो. सांखळी तीन-चार कड्यांची असली तरी नियम तोच. शेवटचें कडें सोडून बाकीच्यांचा तकार ऐकूं येतो.

खरा हकार असा बदलत नाहीं. धर्मशास्त्र या अर्थाच्या फिक्ह या शब्दाचा हकार मूळचाच आहे. त्याला कितीहि लांब सांखळींत गुंफलें, तरी तेथें तकार येणार नाहीं. म्हणून घाईंत लिहिणारा लेखक ठिपके द्यावयास विसरला आणि अंत्य अक्षर हकार कीं बांधलेला तकार असा संशय आला, तर जाणता वाचक त्या शब्दाला मनांतल्या मनांत दुसरें नाम जोडून पाहतो. तकार निघाला तर ठिपके राहिले आहेत. न निघाला तर अक्षर जसें आहे तसेंच बरोबर आहे. येथें एक बारकावा ध्यानांत ठेवावा लागतो. नामांच्या सांखळींत उच्चार बदलला तरी लिहिण्याचें अक्षर बदलत नाहीं. मात्र शब्दाला ‘माझा’, ‘त्याचा’ अशा अर्थाचा किंवा द्विवचनाचा प्रत्यय लागला, तर बांधलेलें अक्षर जाऊन तेथें सरळ, मोकळा तकार लिहिला जातो.

हे शब्द महाराष्ट्रांत आले ते बहुतांशीं फारशीच्या मार्गानें. फारशीनें अरबी शब्द घेतांना हा दुहेरी स्वभाव मोडला. कांहीं शब्दांत तिनें तकार कायमचा उघडा केला आणि कांहींत त्याचे ठिपके पुसून मुका हकार ठेवला. दौलत, किंमत, हरकत, मेहनत, रयत हे मराठी शब्द पहिल्या वाटेनें आले. कायदा, फायदा, किल्ला, किस्सा हे दुसऱ्या वाटेनें. कांहीं शब्द दोन्ही वाटांनीं आले, त्यांपैकीं मामला आणि मामलत ही एक जोडी होय. अशा जोड्यांचा अभ्यास करून जॉन पेरी या विद्वानानें १९९१ मध्यें असें दाखविलें, कीं तकारान्त रूपाचा कल भाववाचक अर्थाकडे असतो आणि दुसऱ्या रूपाचा मोजतां येणाऱ्या, मूर्त गोष्टीकडे. मराठी जोडीलाहि हें लागू पडतें. मामला म्हणजे एखादें प्रकरण. मामलत म्हणजे वसुलाचा एकंदर कारभार आणि तो पाहण्याचा अधिकार.

एवढ्यावर हा विषय संपला असता, तर तो केवळ शब्दांच्या हौसेचा राहिला असता. परंतु मराठ्यांच्या कागदपत्रांत अशी एक ओळ आहे, कीं जिच्यांत हा लपलेला तकार वाचला न वाचला यानें पुरीं शंभर वर्षें इकडचीं तिकडे होतात. ती ओळ म्हणजे सुहूर सनाची.

सुहूर सन दक्षिणेंत इ.स. १३४४ पासून धरला जातो. याचें वर्ष सूर्य मृग नक्षत्रांत शिरतांना, म्हणजे पेरणीच्या तोंडावर पालटतें. त्यामुळें वसुलाच्या हिशेबाला तें सोयीचें पडे. आंकडा अंकांत न लिहितां अरबी संख्यावाचक शब्दांत लिहीत आणि तो एकंपासून सुरू करून दहं, शतं, सहस्र असा चढवीत नेत. त्यांत ५९९ मिळविले म्हणजे मृगापासून डिसेंबरअखेरचें इसवी सन येतें. जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवावे लागतात.

‘तिसा सलासीन मया व अलफ’ ही ओळ घ्या. तिसा म्हणजे नऊ, सलासीन तीस, मया शंभर, अलफ हजार. बेरीज ११३९. हें वर्ष १७३८ च्या मृगापासून १७३९ च्या मृगापर्यंत चाललें. याच वर्षीं डहाणू आणि तारापूर हीं ठाणीं पोर्तुगीजांकडून मराठ्यांच्या हातीं आलीं आणि मे १७३९ मध्यें चिमाजी आप्पानें वसई घेतली.

या ओळींत आकारान्त शब्द दोन आहेत, तिसा आणि मया; आणि येथेंच नवशिक्या वाचकाची फसगत होते. दोन्ही आकार सारखे दिसले तरी त्यांचें कुळ एक नाहीं. अरबींत वर्ष हा शब्द स्त्रीलिंगी असल्यामुळें त्याबरोबर येणाऱ्या तीन ते नऊ या संख्यांचा बांधलेला तकार गळतो. म्हणून कागदांत सलास, खमस, सीत अशीं रूपें येतात. सलासा, खमसा अशीं येत नाहींत. मग अर्बा, सबा, तिसा यांच्या अंतीं आकार कोठून आला? तो ऐन या कंठ्य व्यंजनाचा अवशेष आहे. मराठी जिभेला तें व्यंजन उच्चारतां येईना, म्हणून तिनें तेथें आकार केला. तेव्हां तिसा याच्या पोटांत तकार नाहीं. मया याच्या पोटांत मात्र आहे.

तो बाहेर पडला १७९९ च्या मृगास. त्या दिवशीं सुहूर सनाचें बाराशेंवें वर्ष लागलें आणि शंभराच्या जागीं दोनशें लिहिण्याची वेळ आली. अरबींत दोहोंसाठीं द्विवचनाचा प्रत्यय लागतो. तो लागतांच मया याचा मुका तकार मोकळा झाला आणि कारकून मयातैन असें लिहूं लागले. वसईचा तह ३१ डिसेंबर १८०२ रोजीं झाला, तें वर्ष ‘सलास मयातैन व अलफ’, म्हणजे १२०३.

मौजेची गोष्ट अशी, कीं त्याच ओळीच्या आरंभीं असलेल्या सन या शब्दांतहि मूळचा बांधलेला तकार आहे. शुद्ध अरबींत ‘अमक्या आंकड्याचें वर्ष’ अशी सांखळी होऊन सनत असा उच्चार झाला असता. पण तो शब्द फारशीनें मुक्या हकाराचा करून टाकला होता, म्हणून मराठींत सांखळीच्या तोंडाशीं असूनहि त्याचा तकार उमटला नाहीं. मयातैन हें मात्र अरबी रूप जसेंच्या तसें गोठून आलें, म्हणून त्यांत तकार टिकला.

आतां चूक कशी होते तें पाहूं. समजा, डहाणूच्या किनाऱ्यावरील एका शेताच्या इनामाचा कागद आहे आणि मूळ ओळ ‘खमस अशर मयातैन व अलफ’ अशी होती. पांच, दहा, दोनशें, हजार मिळून १२१५, म्हणजे १८१४-१५. मोडींत शब्द एकमेकांस जोडून लिहीत. कागदाची घडी नेमकी त्या जागीं फाटली, किंवा नक्कल करणाऱ्यानें ‘तैन’ हें निरर्थक समजून गाळलें, तर शिल्लक राहतें ‘मया’. बेरीज होते १११५, म्हणजे १७१४-१५. इनाम आहे त्याहून शंभर वर्षांनीं जुनें होऊन बसतें.

यांत नुसती विद्वानांची वादावादी नव्हती. मुंबई इलाख्यांत १८५२ च्या अकराव्या कायद्यानें इनाम कमिशन नेमलें गेलें आणि जमिनी सारामाफीनें खाणाऱ्यांस आपापले कागद दाखवून हक्क सिद्ध करणें भाग पडलें. कागद किती जुना, उपभोग किती पिढ्यांचा, यावर तेथें जमीन राहणें न राहणें ठरे.

अशा कागदाची परीक्षा त्याच्याच मजकुरावरून करतां येते. शक दिला असेल तर त्याशीं बेरीज ताडावी. चंद्र लिहिला असेल तर त्याची तारीख आणि महिना जुळतात कीं नाहीं तें पाहावें. आणि या किनाऱ्यापुरती एक खूण फार सोपी आहे. १७१४ सालीं डहाणूच्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांचा अंमल होता. तेव्हां तेथील जमिनीबद्दल पेशव्यांच्या कचेरीचा १११५ सालचा कागद संभवत नाहीं. तसें वाचन हातीं आलें, तर वाचकानें भिंग घेऊन मया या अक्षरांच्या पुढची जागा तपासावी. बहुधा तेथें एखाद्या मात्रेची टोंकें किंवा नकाराचा एखादा फराटा शिल्लक असतो.